वेबसाइटच फोनमध्ये ॲपसारखी बसवायची कशी? (फोटो लहान करायच्या ॲपचं उदाहरण घेऊन)

जून महिन्यात आमच्याकडे दोनच कामं जोरात असतात, एक कपाशीची लागवड आणि दुसरं म्हणजे पोरापोरींचे कॉलेजचे ऑनलाइन फॉर्म. आमचं गाव पारोळ्याजवळ आहे, गावातले बरेच जण फॉर्म भरायला माझ्याकडे येतात, आणि दरवर्षी सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते, ती म्हणजे फोटोची साइज. फॉर्म म्हणतो फोटो 20 ते 50 केबीच्या मधे पाहिजे आणि फोनने काढलेला फोटो असतो तीन-चार एमबीचा. मग पोरं स्टोअरमधून फोटो लहान करायचं कुठलंतरी ॲप उतरवतात.

माझ्या पुतणीनेही तेच केलं. ॲप उघडलं की पूर्ण स्क्रीनभर जाहिरात, फोटो निवडला की परत जाहिरात, आणि शेवटी जो फोटो निघाला त्याच्या कोपऱ्यात ॲपचं नाव छापलेलं. तो फोटो फॉर्मला लावला, फॉर्म परत आला. दुसरं ॲप टाकायला गेली तर फोनच म्हणाला जागा नाही. वहिनीचा फोन घेतला तर वहिनी म्हणे, "मना फोनमा भी जागाच नही शे, लगननं शूटिंग भरेल शे सगळं."

तेव्हा मी तिला स्टोअरमधून काहीच न घेता वेबसाइटच ॲप म्हणून बसवून दिली. याला प्रोग्रेसिव्ह वेब ॲप म्हणतात, थोडक्यात पीडब्ल्यूए. 2015 पासून हे नाव चालतंय पण आपल्याकडे अजून फार लोकांना माहिती नाही. काम दोन मिनिटांचं आहे, पण त्यात एक अशी जागा आहे जिथे मी पहिल्यांदा चुकलो आणि मला ते कळलंही नाही. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय.

उदाहरणाला मी squoosh.app ही साइट घेतलीये. गूगलच्या क्रोमवाल्या टीमने बनवलेली, फुकट, जाहिरात नाही, लॉगिन नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोटो लहान करायचं काम ती तुमच्या फोनमध्येच करते, फोटो कुठल्या सर्व्हरवर जात नाही. पोरींचे फोटो आणि सह्या असतात हो, ते कुठेही अपलोड करत बसण्यापेक्षा हे बरं.

काय काय लागेल

- अँड्रॉइड फोन आणि त्यात क्रोम, शक्यतो अपडेट केलेला (आयफोनवाल्यांसाठी खाली वेगळं लिहिलंय)
- बसवताना चालू नेट, एकदाच
- फोनमध्ये थोडीशी मोकळी जागा. शंभर एमबी वगैरे नको, पण फोन अगदी काठोकाठ भरलेला असेल तर एखादा व्हिडिओ काढून टाका
- करून बघायला एक फोटो

काय लागत नाही तेही सांगतो. स्टोअरचं लॉगिन लागत नाही, आणि स्टोअरबाहेरचं ॲप बसवू देणारी "अननोन सोर्स"वाली परवानगी तर अजिबात लागत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारे.

1) साइट क्रोममध्येच उघडा, पत्ता हाताने टाइप करून

क्रोम उघडा आणि वर पत्त्याच्या जागी हे टाका:

```
https://squoosh.app
```

एस क्यू यू, मग दोन वेळा ओ, मग एस एच. नुसतं "फोटो रिसाइज" असं सर्च करू नका. सर्चमध्ये वरती ज्या येतात त्यातल्या बऱ्याच जाहिराती असतात आणि तुम्ही तिसऱ्याच कुठल्यातरी साइटवर जाऊन पोचता.

इथे दोन गोष्टींत लोक फसतात. एक म्हणजे फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर कुणी लिंक टाकली आणि तुम्ही तिथल्या तिथे दाबली, तर ती साइट क्रोममध्ये उघडत नाही, त्या ॲपच्या पोटातल्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडते, आणि तिथे बसवायचा पर्याय येत नाही. अशा वेळी कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत जाऊन क्रोममध्ये किंवा बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा असं काहीतरी असतं ते दाबायचं. दुसरं म्हणजे इन्कॉग्निटो. बऱ्याच पोरांचं क्रोम कायम काळ्या टॅबमध्येच उघडं असतं, तिथून काही बसत नाही. साधा टॅब घ्या.

साइट पूर्ण उघडू द्या. रेंज कमी असेल तर अर्धवट उघडलेल्या पानावर घाई करून मेनू दाबू नका, कारण बसवायला लागणारी माहिती, म्हणजे ॲपचं नाव काय, आयकॉन कोणता, उघडल्यावर कसं दिसायचं, ही त्या साइटच्या एका छोट्या फाइलीत असते आणि क्रोमला ती आधी वाचायला मिळाली पाहिजे. तिला मॅनिफेस्ट म्हणतात. तुम्हाला तिच्याशी काही करायचं नाहीये, पण ती नसली किंवा वाचली गेली नाही तर पुढचा पर्यायच वेगळा येतो.

2) तीन ठिपके, आणि मग इथे थांबून नीट वाचा

उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा आणि खाली सरकत जा. तिथे "Add to Home screen" दिसेल, क्रोम मराठीत असेल तर होम स्क्रीनवर जोडा अशा अर्थाचं काहीतरी. ते दाबलं की नव्या क्रोममध्ये दोन पर्याय येतात:

- Install
- Create shortcut

हीच ती चुकायची जागा. दोन्हीने होम स्क्रीनवर आयकॉन येतो, दोन्ही दाबल्यावर तीच साइट उघडते, त्यामुळे वरवर पाहता काही फरक वाटत नाही. पण शॉर्टकट म्हणजे नुसती दारावरची पाटी, दाबली की क्रोममध्ये एक टॅब उघडतो, बस. Install केलं तर फोनला ते खरोखरचं ॲप वाटतं, बाकी ॲपच्या रांगेत जाऊन बसतं, आणि बाकी ॲपला मिळतात तशा काही सोयी त्यालाही मिळतात.

मी पहिल्यांदा शॉर्टकट केला होता. आयकॉन आला, मी खूश, पुतणीला म्हटलं झालं काम. नंतर तिने गॅलरीतून फोटो थेट त्या ॲपला पाठवायला बघितला तर शेअरच्या यादीत ॲपचं नावच नाही. दोन दिवस मला वाटत होतं तिच्या फोनमध्येच काही बिघाड आहे. मग आयकॉनकडे नीट बघितलं तर त्याच्या कोपऱ्यात क्रोमचं बारीकसं चिन्ह चिकटलेलं होतं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

म्हणून Install दाबायचं. मग ॲपचं नाव आणि आयकॉन दाखवून परत एकदा विचारेल, तिथेही Install. या साइटवर कधीकधी पानावरच वरच्या बाजूला Install असं बटण दिसतं, ते दाबलं तरी चालतं, जागा एकच आहे.

तुमच्या क्रोममध्ये दोन पर्याय न येता फक्त नाव लिहायची चौकट आणि Add असं बटण आलं, तर समजून जा की शॉर्टकटच होणार आहे. तसं झालं तर रद्द करा, पान रिफ्रेश करा, पूर्ण उघडू द्या आणि परत या. तरीही तेच आलं तर क्रोम अपडेट करून बघा.

3) थोडं थांबा, आयकॉन लगेच येत नाही

Install दाबल्यावर काही सेकंद काहीच होत नाही असं वाटतं. या वेळात क्रोम गूगलच्या सर्व्हरला सांगतो, तिथे त्या साइटसाठी एक छोटंसं पॅकेज तयार होतं आणि ते तुमच्या फोनमध्ये येऊन बसतं. याला वेबएपीके म्हणतात. म्हणूनच बसवताना नेट लागतं, आणि म्हणूनच आमच्याकडे लाईट गेल्यावर टॉवरची रेंज अर्धी होते तेव्हा हे काम करायला घेऊ नका. मधेच नेट गेलं तर पॅकेज येत नाही आणि कधीकधी त्याऐवजी गुपचूप शॉर्टकटच तयार होऊन बसतो.

आता समजा बसलं असा मेसेज आला पण होम स्क्रीनवर आयकॉनच दिसत नाही. पहिल्यांदा सगळ्या ॲपची यादी उघडा, म्हणजे स्क्रीन खालून वर सरकवली की येते ती, आणि त्यात Squoosh शोधा. बऱ्याचदा तिथे असतं, मग ते दाबून धरून होम स्क्रीनवर ओढून आणायचं. तिथेही नसेल तर एक आडबाजूची परवानगी तपासा. काही फोनमध्ये क्रोमला होम स्क्रीनवर आयकॉन ठेवायची परवानगी वेगळी द्यावी लागते आणि ती मुळात बंद असते. सेटिंगमध्ये ॲप्स, त्यात क्रोम, त्यात Other permissions किंवा नुसतं Permissions, आणि आत Home screen shortcuts असं काहीतरी. ते चालू करा आणि परत दुसऱ्या पायरीपासून या. आमच्या आप्पांच्या फोनमध्ये चार वेळा Install करूनही काही येत नव्हतं ते हे एक बटण चालू केल्यावर आलं.

4) खरंच बसलं का, की नुसता शॉर्टकट झालाय?

हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका, अर्धा मिनिट लागतो.

आयकॉन दाबून ॲप उघडा. वर पत्त्याची पट्टी दिसते का? दिसत नसेल, पूर्ण स्क्रीन ॲपसारखी असेल तर चांगली खूण आहे. मग आयकॉनचा कोपरा बघा, क्रोमचं बारीक चिन्ह नको. मग आयकॉन दाबून धरा, बाकी ॲपसारखं Uninstall किंवा App info असं आलं पाहिजे, नुसतं Remove आलं तर शंका घ्या.

अगदी खात्री करायची असेल तर क्रोमच्या पत्त्याच्या जागी हे टाइप करा:

```
chrome://webapks
```

तुमच्या फोनमध्ये अशा पद्धतीने बसवलेल्या सगळ्या ॲपची यादी इथे येते. तिथे Squoosh दिसलं म्हणजे विषय संपला. शॉर्टकट या यादीत येत नाही.

आणि मला सगळ्यात आवडलेली तपासणी म्हणजे गॅलरी उघडा, कुठलाही फोटो घ्या, शेअर दाबा. व्हॉट्सॲप, जीमेल यांच्या रांगेत Squoosh दिसलं पाहिजे, पहिल्या ओळीत नसेल तर More मध्ये जाऊन बघा. तिथून दाबलं की फोटो थेट ॲपमध्ये उघडतो. पुतणीला शॉर्टकटमध्ये जे मिळत नव्हतं ते हेच.

5) आता कामाला लावा: फोटो 50 केबीच्या आत

बसवून ठेवलं आणि वापरता आलं नाही तर काय उपयोग, म्हणून पुतणीचा फोटो कसा केला ते जसंच्या तसं सांगतो.

आधी गॅलरीतच फोटो कापून घ्या, म्हणजे चेहरा आणि खांदे एवढंच ठेवा, उभ्या आकारात. कारण या ॲपमध्ये फोटो लहान करता येतो पण कापता येत नाही. पासपोर्ट फोटो 3.5 बाय 4.5 सेंटीमीटरचा असतो तर साधारण त्याच मापात कापा, अगदी काटेकोर नसलं तरी चालतं.

मग शेअर करून Squoosh मध्ये उघडा. स्क्रीनचे दोन भाग दिसतील, एका बाजूला मूळ फोटो आणि दुसऱ्या बाजूला लहान केलेला, मधली रेघ ओढून दोन्हीतला फरक बघता येतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला इथे जरा गोंधळायला होतं पण आपल्याला दोनच गोष्टींना हात लावायचाय.

पहिली म्हणजे Resize. ते चालू करा आणि Width मध्ये 413 टाका. Maintain aspect ratio ची खूण तशीच राहू द्या म्हणजे उंची आपोआप येईल, बरोब्बर पासपोर्टच्या मापात कापला असेल तर ती 531 च्या आसपास येते. ती खूण काढून दोन्ही आकडे हाताने टाकले तर चेहरा लांबट किंवा चपटा होतो, आणि मग फॉर्म तपासणारा फोटो परत पाठवतो. 413 का, तर 3.5 सेंटीमीटर रुंदी 300 डीपीआयला तेवढ्याच पिक्सेलची होते. तुमच्या फॉर्मने पिक्सेल वेगळे सांगितले असतील तर अर्थातच ते टाका.

दुसरी म्हणजे खाली Compress मध्ये MozJPEG आधीच निवडलेलं असतं ते तसंच ठेवा, हा साधा जेपीजीच निघतो, आणि Quality ची पट्टी 75 वर असते. एवढं केलं की साइजचा आकडा तिथेच दिसतो. आमचा 34 केबी आला. फॉर्मला 20 ते 50 पाहिजे होता म्हणजे एकदम बरोबर मधे. 50 च्या वर गेला तर Quality 65 करा, 60 करा, आकडा लगेच बदलतो. आणि 20 च्या खाली गेला, सहीच्या फोटोचं असं बऱ्याचदा होतं कारण सगळा पांढरा कागदच असतो, तर Quality वर न्या. कमी साइज म्हणजे चांगलंच असं नाही, खालची मर्यादा चुकली तरी फॉर्म घेत नाही.

मग आकड्याजवळचं खाली बाण असलेलं बटण दाबा, फोटो Downloads मध्ये जातो. फॉर्म भरताना Recent मधून घाईत मूळचा मोठा फोटो निवडू नका, नाव जवळपास सारखंच असतं. मी तर मुद्दाम नाव बदलून "फॉर्म फोटो" असं ठेवायला लावतो.

6) नेट बंद करून एकदा बघा

ही पायरी लोक सोडून देतात आणि मग वेळेवर अडकतात. ॲप म्हणून बसवलं म्हणजे ते नेटशिवाय चालेलच असं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साइट बनवणाऱ्याने तशी सोय केली असेल तरच ती आपलं सामान फोनमध्ये साठवून ठेवते. या साइटने केलीये, पण ते सामान आधी एकदा उतरलं पाहिजे ना.

म्हणून नेट चालू असताना आयकॉनवरून ॲप उघडा, एखादा फोटो लहान करून बघा, मिनिटभर तसंच चालू राहू द्या. Ready to work offline असा मेसेज खाली येऊन जातो, तो दिसला तर उत्तमच. मग ॲप बंद करा, विमानाचं चिन्ह दाबून फोन फ्लाइट मोडवर टाका, वायफायही बंद आहे ना बघा, आणि परत आयकॉनवरून उघडा. उघडलं आणि फोटो लहान झाला की झालं. आमच्या शेतात रेंजचा पत्ता नसतो, पुतणीने विहिरीजवळ बसून सहीचा फोटो तयार केला आणि रात्री घरी येऊन फॉर्म भरला.

दुसरी कुठली साइट बसवली आणि फ्लाइट मोडमध्ये कोरं पान किंवा नेट नाही असा मेसेज आला तर ती साइटच तशी आहे, तुमची चूक नाही, परत परत बसवून काही होणार नाही.

आयफोन असेल तर

सफारीमध्ये साइट उघडा, शेअरचं बटण म्हणजे चौकोनातून वर जाणारा बाण, ते दाबा, खाली सरकून "Add to Home Screen" आणि मग Add. इथे Install असा शब्दच येत नाही म्हणून गोंधळू नका. नवीन आयओएसमध्ये Add च्या आधी "Open as Web App" असं बटण दिसतं, ते चालू ठेवायचं, बंद केलं तर तो नुसता शॉर्टकट. फार जुना आयफोन नसेल, म्हणजे आयओएस 16.4 किंवा पुढचं असेल, तर क्रोममधूनही जोडता येतं.

आयकॉन जोडल्यावर नेट चालू असतानाच एकदा त्या आयकॉनवरून ॲप उघडून वापरा, सफारीत आधी वापरली होती त्यावर विसंबू नका, कारण आयफोन या ॲपची साठवण सफारीपासून वेगळी धरतो. लॉगिनवाली साइट असेल तर त्याचमुळे परत लॉगिन करावं लागू शकतं. आणि गॅलरीच्या शेअर यादीत ॲप येणं ही अँड्रॉइडची गोष्ट आहे, आयफोनवर ते शोधत बसू नका, ॲप उघडून आतून फोटो निवडा.

हे मात्र लक्षात असू द्या

*फाइल उतरवायला सांगितली तर तिथेच थांबा.* पीडब्ल्यूए बसवताना .apk ने संपणारी, म्हणजे ॲप बसवायची फाइल तुमच्या डाउनलोडमध्ये कधीच येत नाही आणि अननोन सोर्स चालू करा असं कधीच कुणी विचारत नाही. लग्नपत्रिका, गाडीचं चलान, सरकारी योजना अशा नावाने व्हॉट्सॲपवर apk पाठवून लोकांची खाती रिकामी केल्याचे प्रकार झालेत. एखादी साइट "आमचं ॲप इथून घ्या" म्हणाली आणि फाइल उतरायला लागली तर ते हे नव्हे, तो वेगळाच प्रकार आहे, रद्द करा.

*नोटिफिकेशन.* बसवल्यावर काही साइट नोटिफिकेशन पाठवू का असं विचारतात. ओळखीची आणि कामाची साइट असेल तरच हो म्हणा. फोटो लहान करणाऱ्या ॲपला नोटिफिकेशन कशाला पाहिजे? उगाच विचारणारी साइट असेल तर नाही म्हणा.

*क्रोम साफ करताना.* अँड्रॉइडवर या ॲपची सगळी साठवण क्रोमच्याच पोटात असते. कुणीतरी फोन हळू चालतोय म्हणून क्रोमचं ब्राउझिंग डेटा साफ केलं आणि त्यात कुकीज आणि साइट डेटाची खूण होती, तर आयकॉन राहतो पण आतलं सामान जातं. लॉगिन गेलेलं असतं आणि ऑफलाइन चालणारं ॲप परत नेट मागायला लागतं. वहिनीच्या फोनमध्ये हेच झालं. घाबरायचं काही नाही, नेट चालू करून एकदा उघडायचं, सामान परत येतं. पण कुठल्या ॲपमध्ये तुम्ही नोंदी ठेवल्या असतील, हिशोब वगैरे, आणि त्या फक्त फोनमध्येच साठत असतील, तर त्या मात्र गेल्या. अशा ॲपमधल्या नोंदींची फाइल अधूनमधून बाहेर काढून ठेवा.

*सगळीच ॲप अशी चालत नाहीत.* मला एकाने विचारलं की मग यूपीआयचं ॲपही असंच बसवू का. नाही हो. यूपीआयला तुमचं सिम त्याच फोनमध्ये आहे हे मेसेज पाठवून तपासावं लागतं आणि वेबसाइटला ते करता येत नाही. बँकेचं आणि पैशांचं ॲप अधिकृत स्टोअरमधूनच घ्या. फोटो लहान करणं, बातम्या वाचणं, बाजारभाव बघणं अशा कामांना ही पद्धत बरी.

Install दिसतच नसेल तर

एकेक करून बघा. इन्कॉग्निटो टॅब आहे का. दुसऱ्या ॲपच्या पोटात साइट उघडलीये का. पत्ता https ने सुरू होतो का, नुसत्या http वर हे होत नाही. आणि ज्या जागी Install यायला पाहिजे तिथे Open Squoosh असं दिसत असेल तर ते आधीच बसलेलं आहे, ॲपच्या यादीत शोधा. हे सगळं ठीक असूनही फक्त शॉर्टकटच येत असेल तर त्या साइटने ॲप होण्याची तयारीच केलेली नाही, त्याला आपल्याकडून काही करता येत नाही.

अपडेटचं वेगळं काही करावं लागत नाही. नेट चालू असताना ॲप उघडलं की नवीन आवृत्ती आपोआप येते, कधीकधी Update available असं दाखवतं, तिथे Reload दाबायचं. फोटोवर काम चालू असेल तर आधी तो डाउनलोड करून घ्या आणि मग दाबा, नाहीतर परत पहिल्यापासून करावं लागेल.

7) काढून टाकायचं असेल तर

आयकॉन दाबून धरा आणि Uninstall करा, बाकी ॲपसारखंच. पण ॲप गेलं तरी त्याचं साठवलेलं सामान क्रोममध्ये राहतं. जागा मोकळी करायची असेल तर क्रोमच्या सेटिंगमध्ये Site settings, त्यात All sites, तिथे squoosh.app शोधा. किती जागा घेतलीये तेही तिथेच दिसतं. पुढचं डिलीटचं चिन्ह दाबलं की ते सामानही जातं. पुतणीने फॉर्म झाल्यावर मला विचारलं, काढून टाकू का काका, तर म्हटलं तो आकडा आधी बघ. बघितला, काही एमबीच होते, वहिनीच्या एका लग्नाच्या व्हिडिओपेक्षा कितीतरी कमी. तिने ॲप ठेवलं आणि व्हिडिओ पेन ड्राइव्हवर टाकून आणायला मला फोन देऊन गेली.